मालवणचं हिरवं पाणी आणि हरवलेला लाल: एका स्कूबा व्हिडिओच्या रंगदुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मालवणच्या एका स्कूबा व्यावसायिकाला पुढच्या हंगामासाठी दीड मिनिटाची जाहिरात हवी होती. चित्रीकरण वेगळं करायचं नव्हतं. पर्यटकाला पाण्यात नेलं की सोबतचा प्रशिक्षक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर त्याचा व्हिडिओ काढतो आणि बाहेर आल्यावर तो त्याला देतो, ही तिथली रोजची पद्धत. असे हंगामभराचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर साठले होते, त्यातूनच जाहिरात बनवायची होती. काम घेतलं कुडाळच्या एका एडिटर मुलीने. एरवी ती लग्नाचे व्हिडिओ करते आणि हात चांगला चालतो. पण पाण्याखालचं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं. कट तयार झाला, रंग काही जमेना, म्हणून तिने तो माझ्याकडे पाठवला. मी पुण्यात कलर ग्रेडिंग करतो.

सगळं चित्रीकरण पाच-सहा मीटर खोलीवरचं, दिवसाच्या उजेडातलं, दिव्याशिवाय. फोर-के, पण आठ बिट. व्हाइट बॅलन्स ऑटो, रंगाचं प्रोफाइल कॅमेऱ्याचं नेहमीचंच. तोवर मे अखेर आलेली, होड्या वर ओढायला सुरुवात झालेली आणि पाणी गढूळ. जे हातात होतं त्यावरच भागवायचं होतं.

सॉफ्टवेअर होतं डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. हे आधीच सांगतो, कारण नॉइज काढण्याची साधनं त्या आवृत्तीत चालत नाहीत आणि पुढचे काही निर्णय त्यामुळेच तसे झाले.

अडचण काय होती

पहिल्या नजरेत सगळं शेवाळी दिसत होतं. चेहरे राखाडी-हिरवे, हात मेणाचे असावेत तसे, आणि मागचं पाणी गडद हिरवं. एडिटरने Temp चा स्लायडर उबेकडे ओढून पाहिला होता. त्याने कातडीला थोडा जीव आला, पण पाणी पिवळट झालं. नवखा माणूस इथेच अडकतो, म्हणून थोडं थांबतो. Temp चा स्लायडर निळा आणि पिवळा या दोन टोकांमध्ये फिरतो. मालवणच्या पाण्यात अतिरेक असतो तो हिरव्याचा. त्याच्या विरुद्ध टोकाला मॅजेंटा आहे, आणि तो दुसऱ्या स्लायडरवर, म्हणजे Tint वर बसतो. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात नुसती ऊब वाढवून बरंच काम होतं. कोकणच्या किनाऱ्यावर पाण्यातले सूक्ष्म वनस्पतीजीव आणि विरघळलेला पिवळसर सेंद्रिय अंश निळाही बराचसा खाऊन टाकतात, मग उरतो तो हिरवा. त्यात आणखी पिवळा घातला की शेवाळ होणारच.

पण हिरवा जास्त असणं हे अर्धंच दुखणं. खरं दुखणं म्हणजे लाल नसणं. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश दर दोन मीटरला साधारण निम्मा होतो. इथे अंतर मोजायचं ते नुसत्या खोलीचं नाही. पृष्ठभागापासून माणसापर्यंत आणि माणसापासून कॅमेऱ्यापर्यंत असा प्रकाशाचा पूर्ण प्रवास धरायचा. माणूस सहा मीटर खाली आणि कॅमेरा त्याच्यापासून दोन मीटर लांब असेल, तर आठ मीटर झाले. चार वेळा निम्मा, म्हणजे वरच्या लालचा सोळावा हिस्सा. तेवढ्याच प्रवासात शुद्ध पाण्यातला हिरवा निम्म्याहून जास्त शिल्लक असतो.

यातून एक गोष्ट आपोआप निघते आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं राहिलं. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलला लावलेले तीन गुणाकार. ते पूर्ण फ्रेमला एकसारखे लागतात. लाल मात्र प्रत्येक अंतरावर वेगवेगळा उरलेला असतो. एक मीटरवरच्या हाताला बसणारा गुणाकार तीन मीटरवरच्या प्रशिक्षकाला कमी पडतो, कारण मधल्या दोन मीटरमध्ये लाल पुन्हा निम्मा झालेला असतो. मागच्या पाण्याला तर तो लागूच होत नाही. तिथे वस्तूच नाही, नुसता विखुरलेला प्रकाश आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तयार लट लावण्याचा. लट (LUT) म्हणजे कोणता रंग कशात बदलायचा हे आधीच ठरवून ठेवलेली फाइल. पाण्याखालच्या चित्रीकरणासाठीचे लट सहज मिळतात, एडिटरकडेही एक होता. लावून पाहिला. निळ्या पाण्यासाठी बनवलेला असावा, कारण त्याने निळा दाबला, लाल उचलला आणि हिरवा होता तसाच मोकळा सोडला. चित्र ऑलिव्ह रंगाकडे गेलं. लट चांगला की वाईट हा मुद्दा नाही. त्यात एकच खोली आणि एकाच प्रकारचं पाणी गृहीत धरलेलं असतं, एवढंच.

दुसरा पर्याय म्हणजे व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन वाळूवर टिचकी मारायची. हेही तिने करून पाहिलं होतं आणि चित्र एकदम थंड, निळं पडलं होतं. आपल्या किनाऱ्याची वाळू पिवळट-तपकिरी. तिला राखाडी मानलं की तिचा खरा पिवळेपणाही सॉफ्टवेअर दोष समजून काढून टाकतं, आणि मग बाकी सगळं निळ्याकडे ढकललं जातं. शिवाय वाळू माणसापेक्षा लांब आणि खोल असते, म्हणजे अंतराचाही घोळ.

तिसरा पर्याय मालकांनीच सुचवला: सगळं चित्र निळं करून टाका. फोनवर ते म्हणाले, "आमचा पाणी हिरवा, पण लोकांका निळा होया." यावर पुढे येतो.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. फ्रेममध्ये खरोखर पांढरं काही आहे का ते शोधायचं, त्यावरून कॅमेऱ्याजवळच्या माणसांपुरता समतोल बसवायचा आणि पाण्याचा रंग त्यानंतर वेगळा हाताळायचा. आम्ही हाच घेतला. दीड मिनिटाच्या जाहिरातीला एवढी मेहनत परवडते. रोज पर्यटकांना द्यायच्या व्हिडिओंना ती परवडणार नाही, हेही तेव्हाच मालकांना सांगितलं.

पांढरं कुठे सापडलं

बऱ्याच क्लिपमध्ये पर्यटकाच्या हातात दुकानाच्या नावाचा पांढरा अ‍ॅक्रिलिक बोर्ड होता. फोटोसाठीची हौस, पण आमच्या दृष्टीने ते सोनंच. बोर्ड कॅमेऱ्यापासून साधारण मीटरभर, त्याच अंतरावर हात आणि चेहरा. मोजमाप आणि मोजायची वस्तू एकाच पातळीवर आली.

वापरण्याआधी एक खात्री करून घेतली. बोर्ड हंगामभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राहिलेला. मालकांना तो सावलीत कोऱ्या कागदाशेजारी ठेवून फोटो पाठवायला सांगितलं. कागदाच्या तुलनेत बोर्ड किंचित मळकट पिवळा निघाला. फरक लहान होता, पण तो माहीत असल्यामुळे बोर्ड काटेकोर राखाडीवर न आणता उबेकडे जरासा झुकलेला ठेवायचा हे ठरलं.

काय केलं

बोर्डच्या मधल्या कोऱ्या भागावर 0 ते 255 च्या मापात लाल 58, हिरवा 172 आणि निळा 141 असे आकडे येत होते. सरळ व्हाइट बॅलन्स करायचा तर लाल जवळजवळ तिप्पट करावा लागतो. करून पाहिला. बोर्ड पांढरा झाला, पण सावलीच्या भागात, केसांच्या कडेला आणि मागच्या पाण्यात लाल-जांभळे डाग नाचायला लागले. कारण उघड आहे. आठ बिटमध्ये अंधाऱ्या भागातल्या लालच्या वाट्याला मोजक्याच पायऱ्या येतात, त्यात कॉम्प्रेशनचे चौकोन असतात, आणि आपण ते सगळं तिप्पट मोठं करून दाखवतो. स्कोपवर, म्हणजे चित्रातले रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखावर, हे लगेच कळतं: तिन्ही चॅनेल शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या परेडमधला लालचा पट्टा ताणल्यावर सलग न राहता त्यात आडव्या फटी पडतात.

पहिला निर्णयाचा क्षण हा होता. लाल ताणायचा की दुसरीकडून उसना घ्यायचा?

उसना घ्यायचा तर हिरव्याकडून, कारण सगळा तपशील तिथेच शाबूत आहे. RGB Mixer मध्ये Red Output च्या खाली तीन पट्ट्या असतात: नव्या लालमध्ये जुन्या लाल, हिरव्या आणि निळ्याचा वाटा किती. तिथे लाल 1.30 आणि हिरवा 0.45 ठेवला, Preserve Luminance बंद केलं. बोर्डचा हिशोब असा बसतो:

```
नवा लाल = 1.30 × 58 + 0.45 × 172
        = 75.4 + 77.4 ≈ 153
```

मग साध्या गेनने हिरवा दहा टक्के खाली आणि निळा दहा टक्के वर घेतला, दोन्ही 155 च्या आसपास आले. बोर्ड जागेवर बसला आणि लाल गेन तिप्पट करायची गरजच उरली नाही. बोर्डच्या मळकट छटेसाठी शेवटी ऊब जराशी वाढवली.

याची किंमत मोजावी लागतेच. लालमध्ये हिरवा मिसळला की दोन्ही चॅनेल एकमेकांसारखे होतात, आणि रंग तर त्यांच्यातल्या फरकातूनच दिसतो. त्याच फ्रेममधल्या हाताचे आकडे पाहा. मूळ लाल 49, हिरवा 107, निळा 73. सरळ ताणला असता तर लाल 145 वर गेला असता: कातडी लालबुंद आणि डागाळलेली. मिक्सरनंतर आकडे आले 112, 96 आणि 80. हात माणसाचा दिसतो, रंग मात्र फिका. मिक्सर हरवलेला लाल परत आणत नाही. तो तपशील भरून देतो आणि कातडी योग्य बाजूला झुकवतो, बस. म्हणूनच त्यानंतर निवडक सॅच्युरेशनची पाळी येते, आणि येते ती याच क्रमाने. एडिटरने आधी सॅच्युरेशन वाढवून मग समतोल साधायचा प्रयत्न केला होता. त्यात आधी हिरवाच फुगतो आणि नंतर तो दाबताना पिवळे मासे मरतात.

मिक्सरच्या आधीच्या नोडवर, म्हणजे दुरुस्तीच्या आधीच्या टप्प्यावर, एक छोटं काम केलं. नॉइज काढायचं साधन नव्हतं, म्हणून Splitter/Combiner नोडने तिन्ही चॅनेल वेगळे केले आणि फक्त लालला हलका ब्लर दिला. डोळा बारकावे मुख्यतः हिरव्यातून वाचतो, त्यामुळे चित्र मऊ पडलेलं जाणवत नाही आणि लालमधले दाणे मात्र बसतात. ब्लर जास्त झाला की लगेच कळतं: बोर्डवरच्या काळ्या अक्षरांच्या कडांवर लालसर झालर दिसायला लागते. ती दिसली की मागे यायचं.

मग वक्र. Hue Vs Sat मध्ये नारिंगी-लाल पट्टा वर घेतला, कातडीपुरता. व्हेक्टरस्कोपवर हाताचा ठिपका स्किन टोनच्या रेषेजवळ आला की तिथे थांबायचं, रेषेवरून आणखी बाहेर ढकलायचं नाही. हिरवा पट्टा खाली घेतला, पण पिवळ्याच्या अलीकडेच थांबलो. मालवणला पर्यटकांभोवती घोळका करणारे काळ्या पट्ट्यांचे मासे असतात, त्यांच्या पाठीवरचा पिवळा हाच या चित्रीकरणातला आयता मिळालेला सुंदर रंग होता. हिरवा दाबताना वक्राचा उतार पिवळ्यात घुसला की तो मासा राखाडी होतो. म्हणून पिवळ्यावर एक जादा बिंदू टाकून तो जागच्या जागी धरून ठेवला. शेवटी Lum Vs Sat मध्ये सगळ्यात गडद भागाचं सॅच्युरेशन उतरवलं, म्हणजे जे काही लाल-जांभळे डाग उरले होते तेही करडे होऊन अंधारात मिसळले.

मागचा प्रशिक्षक, बोर्डपेक्षा दोनेक मीटर लांबचा, हिरवटच राहिला. एडिटरने विचारलं, "दादा, याला मास्क लावून वेगळा करू का?" मी नको म्हटलं. लांबचा माणूस पाण्याच्या रंगात बुडालेला दिसणं हेच खोलीचं भान देतं. सगळे थर एकसारखे उबदार केले की माणसं पाण्यात न वाटता पडद्यासमोर चिकटवल्यासारखी वाटतात.

एक क्लिप मात्र हाताळली नाही. पाण्यात उतरतानाचा लांबलचक शॉट होता. त्यात खोली बदलत होती आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्सही मधेच स्वतःहून बदलत होता. पिवळे फिन्स फ्रेममध्ये आले की मागचं पाणी क्षणात निळसर व्हायचं, फिन्स गेले की पुन्हा हिरवं. की-फ्रेम लावून हे दुरुस्त होतं, पण कॅमेऱ्याचा बदल कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे प्रत्येक वेळी डोळ्याने शोधावं लागतं. त्यापेक्षा कट बदलला: उतरण्याची सुरुवात, मधे बुडबुड्यांनी फ्रेम भरते तो क्षण, आणि थेट तळ. प्रत्येक तुकड्याला आपापला समतोल दिला. बुडबुड्यांच्या आड बदल लपला.

पाणी निळं करायचं का?

वादाचा मुद्दा हा. मिक्सरनंतर मागचं पाणी धुऊन काढल्यासारखं करडं-निळसर झालं होतं. मूळ 20, 120, 105 चं 80, 108, 115 झालेलं. त्यात रंग परत भरायचाच होता. कोणता, एवढाच प्रश्न. Hue Vs Hue ने हिरवा-सायन पट्टा फिरवला तर पाणी पोस्टरवरच्या अंदमानसारखं निळं होतं. मालकांना हवं होतं ते करून त्यांना पाठवलंही. खडकावरचं शेवाळ त्यात निळं झालेलं, केसांच्या कडांना निळी रेघ आलेली, आणि पिवळ्या माशांच्या पोटाकडचा हिरवट भाग विचित्र फिरोजी झालेला. तरी मालकांना ते आवडलं.

मी सांगितलं ते तंत्राचं नव्हतं. काका, हा व्हिडिओ पाहून जो माणूस पैसे भरून येईल, त्याला तुम्ही पाण्यात नेल्यावर हिरवं पाणी दिसणार आहे. मग तो रिव्ह्यू लिहील. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून "मग मधलं कायतरी करा" म्हटलं. मधलं म्हणजे रंग थोडासाच सायनकडे झुकवला आणि त्याच पट्ट्याचं सॅच्युरेशन माफक वाढवलं. स्वच्छ हिवाळी दिवशी, ऊन वर असताना मालवणचं पाणी जसं दिसतं, तिथपर्यंतच. त्या दिवसांत काढलेल्या एका क्लिपलाच संदर्भ धरलं, त्यामुळे कुठे थांबायचं हे आमच्या मर्जीवर राहिलं नाही.

निकाल

बोर्ड असलेल्या क्लिप एकमेकींशी चांगल्या जुळल्या. बोर्ड नसलेल्यांपैकी ज्या त्याच दिवशी, त्याच खोलीवर काढल्या होत्या त्यांना तेच नोड चिकटवून किरकोळ फेरफार पुरला. लांबून काढलेल्या काही क्लिपमध्ये लालच्या परेडमध्ये जवळजवळ काहीच नव्हतं. त्या दुरुस्त करण्याच्या फंदात पडलो नाही. दोन संकलनात गेल्याच नाहीत, एक सरळ कृष्णधवल करून शीर्षकाच्या मागे वापरली.

शेवटची तपासणी मॉनिटरवर नव्हती. मालक हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार, लोक तो फोनवर पाहणार. म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवून, दाबला गेल्यावर, बाहेर उन्हात फोनवर पाहिला. गडद पाण्यात चौकोन दिसत होते. सावलीचं सॅच्युरेशन आणखी थोडं उतरवलं आणि काळा किंचित खाली घेतला, तेव्हा ते दबले. मालकांनी तो मान्य केला. पोस्टरसाठी निळा फोटो त्यांनी वेगळा करून घेतलाच, तो आमच्याकडून नाही.

पुढच्या हंगामात वेगळं काय

रंगाच्या टेबलावर केलेल्या बहुतेक कसरती कॅमेऱ्यापाशी टाळता आल्या असत्या. प्रशिक्षकांसाठी जे लिहून दिलं ते थोडकंच आहे. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून एका ठरलेल्या आकड्यावर ठेवायचा. रंग चुकला तरी चालेल, पण तो पूर्ण क्लिपभर एकसारखा चुकला पाहिजे. कॅमेऱ्यात फ्लॅट प्रोफाइल असेल तर ते, आणि दहा बिटची सोय असेल तर तीही चालू करायची.

फिल्टरबद्दल मालकांनी विचारलं होतं. बाजारात सहज मिळतो तो लाल फिल्टर, तो निळ्या पाण्यासाठी. आपल्या हिरव्या पाण्याला मॅजेंटा फिल्टर लागतो. पण फिल्टर लाल वाढवत नाही, हिरवा अडवतो, म्हणजे एकूण उजेड घटतो. ढगाळ दिवशी किंवा गढूळ पाण्यात तो लावला तर कॅमेरा संवेदनशीलता वाढवतो आणि नॉइज दुसऱ्या दाराने आत येतो. ऊन स्वच्छ असेल तेव्हाच तो लावायचा.

छोटा व्हिडिओ दिवा जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. दिवा पर्यटकापासून अर्ध्या मीटरवर आणि कॅमेरा मीटरभरावर असेल तर प्रकाशाचा जाण्या-येण्याचा प्रवास दीड मीटरचाच होतो आणि बराचसा लाल टिकतो. फक्त तो लेन्सच्या शेजारी धरायचा नाही. कोकणच्या पाण्यात तरंगणारा गाळ दिव्यात चमकतो आणि फ्रेमभर पांढरे ठिपके उडतात. हात लांब करून, बाजूने आणि जवळून. प्रशिक्षकाचा एक हात पर्यटकाला धरण्यात गुंतलेला असतो, म्हणून दिवा कॅमेऱ्याच्या दांड्यावर लांब आडव्या फाट्याला बसवायचं ठरलं आहे. तो फाटा पर्यटकाच्या नळीत अडकणार नाही ना, हे ते पाऊस संपल्यावर आधी आपापसात पाण्यात उतरून पाहणार आहेत.

बोर्ड नवा करवून घेतला आहे. एक बाजू दुकानाच्या नावाची, मागची बाजू कोरी मॅट राखाडी. तळाला पोचल्यावर, खोली बदलली की पुन्हा, दोन सेकंद ती राखाडी बाजू कॅमेऱ्यासमोर मीटरभरावर धरायची, एवढंच प्रशिक्षकांना सांगितलं आहे.